जिनिव्हाचा निवाडा तीन ओळींत: वाद, रक्कम आणि मुदत

लवादाचा निवाडा वाचून त्याचे टिपण करायचे असले की वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात. भांडण नेमके कशावरून होते, कोणी कोणाला किती द्यायचे, आणि कधीपर्यंत द्यायचे. या तीन गोष्टी निवाड्याच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक मांडून ठेवलेल्या असतील, असे धरून चालणारा माणूस हमखास घसरतो. ते कसे घडते हे पाहायला १४ सप्टेंबर १८७२ रोजी जिनिव्हात जाहीर झालेला अमेरिका विरुद्ध ब्रिटन हा निवाडा फार सोयीचा आहे. तो लहान आहे, त्यातली रक्कम एकच आहे, तो पाळला गेला, आणि तरीही त्याच्या टिपणात तिन्ही ठिकाणी चूक होण्याची पुरेपूर सोय आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांना आरमार नव्हते. त्यांच्या हस्तकांनी ब्रिटनमधल्या गोद्यांत जहाजे बांधून घेतली आणि त्यांतून उत्तरेची व्यापारी जहाजे पकडून जाळली. ब्रिटन या युद्धात तटस्थ होता. तटस्थ देशाने आपल्या बंदरातून एका बाजूचे लढाऊ जहाज बाहेर पडू देणे हा कर्तव्यभंग आहे, असे अमेरिकेचे म्हणणे होते. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षे कागदोपत्री वाद झाला आणि अखेर ८ मे १८७१ रोजी वॉशिंग्टनचा तह झाला. त्या तहाने पाच सदस्यांचा लवाद नेमायचे ठरले. ब्रिटन, अमेरिका, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील या देशांच्या प्रमुखांनी प्रत्येकी एक माणूस द्यायचा होता. इटलीचे काउंट स्क्लोपिस अध्यक्ष झाले. अमेरिकेतर्फे चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स बसले, ब्रिटनतर्फे सर अलेक्झांडर कोबर्न.

आता या निवाड्याचे एक टिपण पाहू. असे टिपण परीक्षेच्या उत्तरांत आणि घाईच्या लेखांत सर्रास दिसते:

‘अलाबामा या जहाजाने अमेरिकन व्यापाराचे जे नुकसान केले, त्याबद्दल ब्रिटनने जहाजमालकांना १.५५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निवाडा जिनिव्हाच्या लवादाने दिला. तहानुसार त्यासाठी तीन महिन्यांची मुदत होती.’

वाक्ये सुबक आहेत. आकडाही बरोबर आहे. पण वाद अपुरा आहे, पैसे घेणारा चुकला आहे, पैसे कोणत्या स्वरूपात द्यायचे ते गळले आहे आणि मुदत साफ चुकली आहे. हेच टिपण तुकड्यातुकड्याने दुरुस्त करू.

पहिला तुकडा वादाचा. वाद शोधायला बहुतेक लोक निवाड्याच्या प्रस्तावनेत शिरतात, कारण तिथे हकिगत असते. हकिगत वाचून वादाची ओळ लिहिली की ती ‘जहाजाने नुकसान केले’ अशी होते. पण जहाजाने नुकसान केले की नाही यावर कोणाचेच दुमत नव्हते. लवादापुढे ठेवलेला प्रश्न वेगळा होता आणि तो निवाड्याऐवजी तहाच्या कलमांत सापडतो. कलम ६ मध्ये तीन नियम घातले होते. तटस्थ सरकारने आपल्या हद्दीत असे जहाज सज्ज होऊ नये आणि तिथून निघू नये यासाठी योग्य दक्षता घ्यायची. आपली बंदरे कोणत्याही पक्षाला आरमारी तळ म्हणून किंवा कुमक वाढवायला वापरू द्यायची नाहीत. आणि या दोन्ही गोष्टी मोडल्या जाऊ नयेत म्हणून आपल्या बंदरांत व आपल्या हद्दीतल्या माणसांबाबत तीच दक्षता ठेवायची. हे नियम त्या काळी आंतरराष्ट्रीय कायद्यात होतेच, हे ब्रिटनने मान्य केले नव्हते. लवादाने निर्णय मात्र त्यांच्या आधारे द्यावा, एवढे कबूल केले होते. कलम ७ ने पुढे सांगितले की प्रत्येक जहाजाबाबत वेगळा निर्णय करायचा, आणि कसूर ठरली तर भरपाईची एकरकमी रक्कम ठरवण्याचा अधिकार लवादाला आहे.

म्हणजे वादाची ओळ प्रश्नाच्या रूपात लिहायची: अमुक अमुक जहाजाबाबत ब्रिटनने कलम ६ ची दक्षता घेण्यात कसूर केली का, आणि केली असल्यास किती द्यावे? प्रश्न असा मांडला की निर्णयही जहाजागणिक शोधावा लागतो, आणि तिथे एकट्या अलाबामाचे नाव पुरत नाही. लवादाने अलाबामाबाबत एकमताने कसूर ठरवली. फ्लोरिडाबाबत चार विरुद्ध एक. शेनान्डोआबाबत निर्णय दोन भागांत आहे. तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या मेलबर्न बंदरात शिरेपर्यंत ब्रिटनचा दोष नाही, हे एकमताने. १८ फेब्रुवारी १८६५ रोजी मेलबर्नहून निघाल्यानंतरच्या कृत्यांची जबाबदारी ब्रिटनची, हे तीन विरुद्ध दोन मतांनी. कारण असे की त्या बंदरात तिच्यावर चोरून माणसे भरती झाली आणि अधिकाऱ्यांनी ते रोखले नाही. या जहाजांच्या मदतनीस जहाजांची जबाबदारी मुख्य जहाजाबरोबर गेली. बाकीच्या जहाजांबाबत, म्हणजे जॉर्जिया, समटर, नॅशव्हिल, टालाहासी, चिकामॉगा यांच्याबाबत, कसूर नाही असे एकमताने ठरले. रिट्रिब्यूशनबाबतही तोच निर्णय झाला, पण तीन विरुद्ध दोन मतांनी. आणखी काही जहाजे पुराव्याअभावी विचारातूनच वगळली.

टिपणात ही सगळी यादी द्यायची का? माझ्या मते नाही. पण ‘तीन जहाजांबाबत कसूर सिद्ध, त्यांपैकी एकाबाबत फक्त १८ फेब्रुवारी १८६५ नंतरच्या काळापुरती, उरलेल्यांबाबत दावा फेटाळला’ एवढे हवेच. शेनान्डोआची तारीख किरकोळ वाटते, पण तिने बेरिंग समुद्राकडच्या अमेरिकन व्हेलशिकारी जहाजांची जी वाताहत केली, ती मेलबर्ननंतरची आहे. तारीख गाळली तर कोणते नुकसान आत आणि कोणते बाहेर हेच कळत नाही.

अलाबामाची कसूर नेमकी काय होती, हे एका वाक्यात सांगता येते आणि सांगावे. बर्कनहेडच्या गोदीत ती बांधली जात असताना अमेरिकन वकिलातीने वारंवार इशारे दिले होते. अडवण्याचा हुकूम निघाला तोवर जहाज जुलै १८६२ च्या अखेरीस निसटले होते. हुकूम इतका उशिरा निघाला की तो अमलात आणणे शक्य राहिले नाही, हाच लवादाचा ठपका आहे. निसटल्यावर पाठलागाचे उपाय तोकडे होते आणि पुढे हेच जहाज ब्रिटिश वसाहतींच्या बंदरांत बिनदिक्कत येत-जात राहिले, हे त्याला जोडलेले. महाराणीच्या कायदा सल्लागारांपैकी एकजण आजारी असल्याने कागद त्यांच्या घरी पडून राहिले, ही हकिगत रंगतदार आहे. टिपणाच्या कामाची मात्र नाही.

वादाच्या तुकड्यात अजून एक गोष्ट राहते, आणि ती निवाड्याच्या रकमेच्या भागात शोधून सापडत नाही. ज्यांना अप्रत्यक्ष दावे म्हणत, ते अमेरिकेने सुरुवातीला मांडले होते. व्यापारी जहाजे परकी निशाणाखाली गेली, विम्याचे हप्ते वाढले, युद्ध लांबले आणि त्याचा खर्च वाढला, हे सगळे ब्रिटनने भरून द्यावे असे त्यात होते. या दाव्यांमुळे लवादच मोडीत निघायची वेळ आली होती. अखेर १९ जून १८७२ रोजी लवादाने जाहीर केले की आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांनुसार असे दावे भरपाईला आधार होऊ शकत नाहीत. अमेरिकेने ते स्वीकारले आणि दावे बाजूला झाले. हे सगळे लवादाच्या कामकाजाच्या नोंदींत आहे. म्हणून निवाड्यापूर्वीचे अंतरिम आदेश आणि नोंदी वाचल्याशिवाय वादाची ओळ पक्की करू नये. फक्त शेवटचा दस्त वाचणाऱ्याला १.५५ कोटी ही अमेरिकेच्या सगळ्या मागणीवरची तडजोड वाटते. मागणीचा सर्वांत फुगलेला भाग तिथवर पोहोचलाच नव्हता.

दुसरा तुकडा रकमेचा. निवाड्यातला आकडा १,५५,००,००० डॉलर, चार विरुद्ध एक मतांनी. इंग्रजी दशलक्षांतून मराठीत आणताना इथे पहिला खड्डा आहे. साडेपंधरा दशलक्ष म्हणजे एक कोटी पंचावन्न लाख. ‘साडेपंधरा कोटी’ असे छापलेले वाचायला मिळते, ते दहापट आहे. आकडा आधी पूर्ण शून्यांसह लिहून काढावा, मग शब्दांत लिहावा आणि दोन्ही जुळतात का ते पाहावे. पौंडांत किंवा आजच्या रुपयांत रूपांतर टिपणात घालू नये. निवाड्याने ते केलेले नाही, आणि एकदा घातले की पुढचा माणूस तोच आकडा निवाड्यातला समजून उचलतो.

आकड्याला चिकटलेला एक शब्द महत्त्वाचा आहे: ‘सोन्यात’. १८६२ पासून अमेरिकेत सोन्यात न बदलता येणाऱ्या कागदी नोटा चालत होत्या आणि सोन्याचा डॉलर त्यांच्याहून महाग होता. नोटा पुन्हा सोन्यात बदलून मिळू लागल्या त्या १ जानेवारी १८७९ पासून. म्हणजे १८७२ साली ‘डॉलर’ एवढेच लिहिले तर दोन वेगवेगळ्या रकमा संभवतात. तहाच्या कलम ७ मध्येही रक्कम नाण्यांत द्यायची असे होते. आजच्या निवाड्यांत सोन्याचा प्रश्न येत नाही, पण चलन, विनिमयाच्या दराची तारीख आणि करकपात यांची जागा हीच आहे. रकमेच्या शेजारी जे विशेषण आहे, ते रकमेइतकेच उचलायचे.

मग या रकमेत काय आहे? लवादाने तीन गोष्टी स्पष्टपणे बाहेर ठेवल्या. अमेरिकन आरमाराला या जहाजांचा पाठलाग करायला आलेला खर्च नाकारला, कारण तो युद्धाच्या एकूण खर्चापासून वेगळा काढता येत नाही. हे मत तीन विरुद्ध दोन असे पडले. जहाजांना पुढे मिळू शकली असती अशी कमाई नाकारली, कारण ती भविष्यातल्या अनिश्चित गोष्टींवर अवलंबून आहे. यावर एकमत होते. आणि एकाच नुकसानीचे दुहेरी दावे तसेच निव्वळ भाड्याहून जास्त असलेले ढोबळ भाडे वजा केले. एक गोष्ट आत घेतली: वाजवी दराने व्याज. दर किती, कोणत्या तारखेपासून, हे निवाड्यात दिलेले नाही. व्याज धरून एकरकमी आकडा ठरवला, एवढेच.

टिपण करणाऱ्याची इथे एक खास घोडचूक होते. त्याला निवाड्यात ‘व्याज’ हा शब्द दिसतो आणि तो लिहितो, ‘१.५५ कोटी डॉलर अधिक व्याज’. वाचणाऱ्याला वाटते की व्याज वेगळे मोजायचे आहे. उलट, ते आत गेलेले आहे आणि निवाड्यानंतरच्या काळासाठी काहीच दिलेले नाही. व्याजाचे तीन कालखंड असतात. नुकसानीपासून निवाड्यापर्यंतचे एक, निवाड्यापासून मुदत संपेपर्यंतचे दुसरे, मुदत चुकल्यानंतरचे तिसरे. प्रत्येक निवाड्यात हे तिन्ही वेगळे तपासायचे आणि प्रत्येकासमोर ‘आत’, ‘बाहेर’ किंवा ‘उल्लेख नाही’ असे लिहायचे. जिनिव्हाच्या निवाड्यात पहिले आत आहे, उरलेल्या दोघांचा उल्लेख नाही.

रक्कम कोणाला, हाही रकमेचाच भाग आहे. निवाडा दोन सरकारांमधला आहे. पैसे ब्रिटनच्या सरकारने अमेरिकेच्या सरकारला द्यायचे. जहाजमालक, मालाचे धनी, खलाशी यांपैकी कोणाला किती, हे लवादाने ठरवले नाही. ती वाटणी पुढे अमेरिकेने आपल्या कायद्याने केली. त्यासाठी २३ जून १८७४ च्या कायद्याने खास न्यायालय नेमले आणि नंतर १८८२ साली ते पुन्हा उभे केले. एकरकमी रक्कम देण्याचा परिणामच तो. कलम ७ ने लवादाला एकरकमी आकडा देण्याची मुभा दिली होती. ती वापरली नसती तर कलम १० प्रमाणे मूल्यनिर्धारकांचे मंडळ बसले असते आणि त्याने एकेक दावा तपासून रक्कम ठरवली असती. लवादाने पहिला रस्ता निवडला, आणि त्याचे कारणही दिले: पुन्हा चर्चेचे गुऱ्हाळ नको. म्हणून ‘जहाजमालकांना भरपाई’ हे वाक्य टिपणातून काढायचे.

याच तहातून निघालेल्या इतर निवाड्यांशी गल्लत होणे ही रकमेच्या बाबतीतली शेवटची भानगड. तहाने एकाच वेळी अनेक वाद वेगवेगळ्या मंडळांकडे दिले होते. ब्रिटिश प्रजाजनांच्या अमेरिकेविरुद्धच्या दाव्यांसाठी वॉशिंग्टनला एक मिश्र आयोग बसला आणि त्याने १८७३ साली अमेरिकेने ब्रिटनला १९,२९,८१९ डॉलर द्यावेत असे ठरवले. मासेमारीच्या हक्कांसाठी हॅलिफॅक्सला बसलेल्या आयोगाने नोव्हेंबर १८७७ मध्ये अमेरिकेकडून ब्रिटनला ५५ लाख डॉलर देवविले. १,५५,००,००० आणि ५५,००,००० हे आकडे दिसायला एकमेकांना चिकटलेले आहेत, तह एकच आहे आणि पैसे जाण्याची दिशा उलटी आहे. कोणी हिशेबी माणूस वजाबाकी करून ‘निव्वळ’ रक्कम लिहितो. तसा निवाडा कोणीही दिलेला नाही. प्रत्येक मंडळाचे टिपण वेगळे, आणि त्यावर निवाड्याची तारीख व ठिकाण आधी लिहायचे, म्हणजे सरमिसळ होत नाही.

तिसरा तुकडा मुदतीचा, आणि याच ठिकाणी हे प्रकरण खरे शिकवून जाते. निवाड्याच्या आज्ञेच्या भागात मुदत लिहिलेली नाही. तिथे एवढेच म्हटले आहे की ही रक्कम तहाच्या कलम ७ मधील तरतुदींना अनुसरून भरपाई म्हणून द्यायची. म्हणजे मुदत दुसऱ्या दस्तात आहे आणि निवाडा आपल्याला तिकडे पाठवतो. ज्याने तह उघडला नाही, तो दोनपैकी एक करतो. ‘मुदत नमूद नाही’ असे लिहितो, किंवा कलम ७ ओझरते वाचून त्यात दिसलेला पहिला कालावधी उचलतो.

कलम ७ मध्ये पहिला कालावधी तीन महिन्यांचा आहे. युक्तिवाद संपल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत लवादाने निर्णय द्यावा, असे ते वाक्य आहे. ही लवादाला घातलेली मुदत, ब्रिटनला नव्हे. आपल्या नमुना टिपणातली चूक इथूनच आली. पैसे देण्याची मुदत त्याच कलमात पुढे आहे: एकरकमी रक्कम ठरली तर ती वॉशिंग्टन येथे, नाण्यांत, निवाड्याच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत. कलम १० मध्येही बारा महिने आहेत, पण ते मूल्यनिर्धारकांचा प्रत्येक अहवाल हाती दिल्यापासून मोजायचे. तो रस्ता वापरलाच गेला नाही, त्यामुळे ती मुदत इथे लागू नाही. कालावधी एकच असला तरी तो कोणत्या घटनेपासून धावतो हे लिहिले नाही, तर मुदत लिहिल्यासारखी होत नाही.

म्हणून मुदतीच्या ओळीत चार घटक हवेत: कालावधी, सुरुवातीची घटना, त्यातून निघणारी शेवटची तारीख आणि आधाराचे कलम. इथे बारा महिने, निवाड्याची तारीख १४ सप्टेंबर १८७२, शेवटची तारीख १४ सप्टेंबर १८७३, आधार तहाचे कलम ७. शेवटची तारीख मूळ दस्तात नसते, ती आपण काढलेली असते. म्हणून ती ‘यावरून’ असे म्हणून वेगळी दाखवावी. चुकल्यास काय, हा पाचवा घटक असला तर लिहावा. इथे तो नाही, तेव्हा ‘उल्लेख नाही’ असेच लिहायचे. दंड सुचवायचा नाही.

आपल्याकडच्या निवाड्यांना हीच पद्धत लावली की काय दिसते, ते इथेच सांगून टाकतो, कारण मुदतीचा घोळ भारतात वेगळ्या तऱ्हेने होतो. लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ खालच्या निवाड्यात अनेकदा ‘साठ दिवसांत रक्कम द्यावी, न दिल्यास अमुक टक्के व्याज’ असा आदेश असतो. तो असेल तर तीच मुदत. त्याच्या शेजारी कलम ३४ ची तीन महिन्यांची मुदत असते, ती निवाडा रद्द करण्यासाठी न्यायालयात जाण्याची. ती निवाडा हाती पडल्यापासून मोजतात आणि पुरेसे कारण असेल तर न्यायालय आणखी तीस दिवस देऊ शकते. पैसे देण्याची मुदत म्हणून तीन महिने लिहिणारे टिपण म्हणजे जिनिव्हाच्या तीन महिन्यांचीच भारतीय आवृत्ती. आदेशात व्याजाबाबत काही नसेल तर कलम ३१(७)(ख) लागते. ऑक्टोबर २०१५ च्या दुरुस्तीनंतर निवाड्याच्या तारखेपासून पैसे देईपर्यंत चालू दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज; त्याआधी ते अठरा टक्के होते. लक्ष द्या, व्याज निवाड्याच्या तारखेपासून धावते, तर आव्हानाची मुदत प्रत मिळाल्यापासून. दोन घड्याळे वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात, म्हणून टिपणात दोन्ही तारखा हव्यात. आणि कलम ३४ खाली अर्ज केला एवढ्याने वसुली थांबत नाही. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते. म्हणून ‘प्रकरण न्यायालयात आहे’ एवढे लिहून मुदतीची ओळ कोरी सोडणे चुकीचे.

जिनिव्हाकडे परत. निवाडा अंतिम होता का, ही मुदतीला जोडून येणारी शंका. तहाच्या कलम ११ मध्ये दोन्ही देशांनी आधीच कबूल केले होते की लवादाचा निकाल हा सर्व दाव्यांचा पूर्ण आणि अखेरचा निपटारा मानायचा, आणि जो दावा लवादापुढे मांडला गेला नाही तोही संपला असे धरायचे. म्हणजे आव्हानाची मुदत इथे नाहीच. कोबर्न यांनी निवाड्यावर सही केली नाही आणि लांबलचक भिन्नमत लिहिले. त्याचा रकमेवर किंवा मुदतीवर काही परिणाम झाला नाही. भिन्नमताची टिपणात एक ओळ पुरते, आणि तीही तिन्ही तुकड्यांच्या बाहेर. वादाच्या ओळीत कोबर्न यांची कारणे मिसळली तर लवादाने काय ठरवले तेच पुसट होते. त्यांचे लिखाण मात्र वाचावे. बहुमताने कोणता मुद्दा किती ओझरता हाताळला हे त्यातून कळते.

पूर्तता झाली का, हे निवाड्याच्या टिपणात असते की नाही यावर दोन मते आहेत. मी ते वेगळ्या ओळीत ठेवतो, कारण ते निवाड्यातून कळत नाही. ब्रिटनने सप्टेंबर १८७३ मध्ये, मुदत संपायच्या आत, पूर्ण रक्कम दिली.

या सगळ्यानंतर टिपण असे होते:

‘निवाडा: जिनिव्हा, १४ सप्टेंबर १८७२, अमेरिका विरुद्ध ब्रिटन, वॉशिंग्टनचा तह, ८ मे १८७१.

वाद: यादवी युद्धात दक्षिणेसाठी सज्ज झालेली किंवा ब्रिटिश बंदरांचा उपयोग केलेली जहाजे रोखण्यात ब्रिटनने तहाच्या कलम ६ मधील दक्षतेत कसूर केली का, आणि केली असल्यास भरपाई किती. अलाबामा (एकमताने) व फ्लोरिडा (४–१) यांच्याबाबत, मदतनीस जहाजांसह, कसूर सिद्ध. शेनान्डोआबाबत फक्त १८ फेब्रुवारी १८६५ नंतर मेलबर्नहून पुढे (३–२). इतर जहाजांचे दावे अमान्य किंवा पुराव्याअभावी वगळले. अप्रत्यक्ष दावे १९ जून १८७२ च्या घोषणेनंतर बाहेर.

रक्कम: १,५५,००,००० डॉलर (एक कोटी पंचावन्न लाख), सोन्यात, एकरकमी, ब्रिटन सरकारकडून अमेरिका सरकारला (४–१). निवाड्यापर्यंतचे व्याज समाविष्ट. पाठलागाचा खर्च व संभाव्य कमाई नामंजूर. निवाड्यानंतरच्या व्याजाचा उल्लेख नाही.

मुदत: निवाड्याच्या तारखेपासून बारा महिने, वॉशिंग्टन येथे, नाण्यांत (तह, कलम ७, निवाड्यात फक्त या कलमाचा संदर्भ). यावरून शेवटची तारीख १४ सप्टेंबर १८७३. चुकल्यास परिणाम: उल्लेख नाही. अपील नाही (कलम ११).

पूर्तता: सप्टेंबर १८७३ मध्ये पूर्ण रक्कम अदा.’

हे वरिष्ठाला द्यायच्या आधी एक पडताळणी करावी. टिपणातल्या प्रत्येक आकड्यासमोर आणि तारखेसमोर मूळ दस्ताचे नाव व कलम पेन्सिलीने लिहावे. वरच्या टिपणात असे केले तर चार वेगवेगळे आधार लागतात: तह, १९ जूनची नोंद, अंतिम निवाडा आणि पैसे दिल्याची पुढची नोंद. ज्याला सगळीकडे ‘अंतिम निवाडा’ एवढेच लिहावे लागले, त्याने बहुधा मुदत अंदाजाने घातलेली असते. आणि १४ सप्टेंबर १८७३ समोर कोणताच दस्त लिहिता येत नाही. तिथे ‘काढलेली तारीख’ असे लिहून खाली आपली सही करावी, कारण ती चुकली तर जबाबदारी लवादाची नसते.